लिफ्ट वर जात असताना वजनकाटा कमी वजन का दाखवतो?

"मुलीच्या अकरावीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या कांदिवलीच्या २२ मजली बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये वजनकाटा नेला. लिफ्ट वर जाताना वजन वाढतं, खाली येताना कमी होतं असं शिकलो होतो. आमचा डिजिटल काटा तळमजल्यापासून २० व्या मजल्यापर्यंत ६०.० वरून हललाच नाही. शेजाऱ्यांकडचा जुना स्प्रिंगचा काटा आणला तर सुरुवातीला आकडा वाढला, मग ६० वर आला आणि वर पोचताना चक्क ५५ झाला. लिफ्ट तर वरच जात होती! चूक कुठे आहे, आणि प्रोजेक्टमध्ये लिहिता येतील असे आकडे कसे मिळवायचे?"

तुमचा स्प्रिंगचा काटा बरोबर आहे. वर पोचताना दिसलेले ५५ सुद्धा बरोबर आहेत. घोळ दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे "वर जाताना वजन वाढतं" हे वाक्य अर्धवट आहे. दुसरं म्हणजे घरगुती डिजिटल काटे हलत्या जागी वापरण्यासाठी बनवलेलेच नसतात.

आधी पहिला घोळ सोडवू. पायाखालचा काटा पृथ्वीचं आकर्षण मोजत नाही. तो तुमच्या तळव्यांना खालून किती जोराने वर रेटतोय एवढंच त्याला कळतं. तुम्ही जमिनीवर स्थिर उभे असता तेव्हा हा रेटा आणि तुमचं वजन नेमकं सारखं असतं, म्हणून काट्यावरचा आकडा वजन म्हणून चालून जातो. लिफ्टमध्ये तुमचा वेग बदलायचा असेल तर ते काम कोणत्या तरी बलाने करायला हवं, आणि तुम्हाला स्पर्श करणारी वस्तू काटा ही एकच आहे. वेग वरच्या दिशेने वाढवायचा तर त्याला नेहमीपेक्षा जास्त रेटावं लागतं. वर जाण्याचा वेग कमी करायचा तर त्याला रेटा थोडा सैल सोडावा लागतो, म्हणजे गुरुत्वाकर्षण तुमचा वेग उतरवतं. सूत्र एकच आहे:

N = m(g + a)

यातलं N म्हणजे काट्याचा रेटा, m म्हणजे तुमचं वस्तुमान, g म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण आणि a म्हणजे लिफ्टचं त्वरण. त्वरण वरच्या दिशेला असेल तर अधिक, खालच्या दिशेला असेल तर उणे. लिफ्ट कुठे चालली आहे याला या सूत्रात जागाच नाही. वर निघताना त्वरण वरच्या दिशेला असतं, म्हणून आकडा वाढतो. वर पोचताना वेग कमी होत असतो, म्हणजे त्वरण खालच्या दिशेला असतं, म्हणून आकडा उतरतो. खाली निघताना पुन्हा उतरतो, आणि तळमजल्यावर थांबताना वाढतो. मधल्या लांब पट्ट्यात वेग स्थिर असतो, तिथे a शून्य आणि आकडा जमिनीवरच्या आकड्याइतकाच. "वर जाताना वजन वाढतं" हे वाक्य त्यातल्या पहिल्या दोन-तीन सेकंदांपुरतंच खरं आहे. प्रोजेक्टमध्ये "वर जाताना" असं न लिहिता "वरच्या दिशेने त्वरण असताना" असं लिहायला लावा. परीक्षेत मार्कही तिथेच जातात.

आता तुमच्या बिल्डिंगसारख्या लिफ्टचे आकडे घालून बघू. प्रत्येक लिफ्टचे आकडे वेगळे असतात, ते मोटर, ड्राइव्ह आणि बसवताना केलेल्या सेटिंगवर अवलंबून असतं. पण २०-२२ मजली निवासी टॉवरमध्ये १.७५ मीटर प्रति सेकंद वेग आणि ०.८ मी/से² त्वरण हा चांगला अंदाज आहे. मुंबईत g साधारण ९.७९ मी/से² आहे. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा किंचित कमी. ६० किलो वस्तुमानाचा माणूस स्थिर असताना काटा त्याला ६० × ९.७९ म्हणजे सुमारे ५८७ न्यूटनने रेटतो. लिफ्ट वर निघताना तो ६० × १०.५९ म्हणजे ६३५ न्यूटनने रेटतो. काट्यावर मात्र न्यूटन छापलेले नसतात, तो हे बल ९.७९ ने भागून किलोत दाखवतो. म्हणून ६४.९ दिसतात. वर थांबताना ६० × ८.९९ म्हणजे ५३९ न्यूटन, आणि काट्यावर ५५.१. तुम्हाला दिसलेले ५५ ते हेच. वस्तुमान सगळ्या प्रवासात ६० किलोच आहे आणि पृथ्वीचं आकर्षणही ५८७ न्यूटनच आहे. बदलला तो फक्त काट्याचा रेटा, आणि त्यालाच आभासी वजन म्हणतात.

या प्रवासात आकडा बदललेला किती वेळ दिसेल? मजल्याची उंची ३ मीटर धरली तर २० व्या मजल्यापर्यंत ६० मीटर. आजच्या लिफ्ट त्वरणही एकदम देत नाहीत, ते हळूहळू चढवतात आणि हळूहळू उतरवतात, नाहीतर पोटात गोळा येतो. हे चढ-उतार धरून वेग घ्यायला सुमारे ३ सेकंद आणि थांबायला ३ सेकंद लागतात. मधली ३१ सेकंदं वेग स्थिर असतो. म्हणजे सदतीस सेकंदांपैकी जेमतेम सहा सेकंदं काट्यावर काही घडतं, आणि त्यातही पूर्ण ६४.९ दिसायला हवेत ते दीड सेकंदापेक्षा कमी वेळ. बघायला उशीर झाला की प्रयोग संपलेला असतो.

उलट एकच मजला वर गेलात तरी काम होत नाही. या लिफ्टला पूर्ण वेग गाठायला अडीच मीटरहून जास्त अंतर लागतं आणि थांबायला तेवढंच. एका मजल्याच्या ३ मीटरमध्ये ती पूर्ण वेगाला पोचतच नाही, आणि वाढलेला आकडा थेट उतरलेल्या आकड्याला जाऊन भिडतो. मधला स्थिर भाग स्पष्ट दिसायला निदान पाच-सहा मजले सलग जाता आलं पाहिजे. दुपारी दोन ते चारच्या सुमारास लिफ्ट मोकळी असते, तेव्हा मध्येच कोणी बटण दाबून थांबवण्याची शक्यता कमी.

आता डिजिटल काटा. त्याच्या चार पायांत बलाप्रमाणे वाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यावर चिकटवलेल्या तारांचा रोध वाकण्यानुसार बदलतो आणि त्यातून आकडा निघतो. मोजणारा भाग लिफ्टमध्येही व्यवस्थित काम करतो. अडवतो तो त्याच्या पुढचा प्रोग्रॅम. माणूस काट्यावर कधीच पुतळ्यासारखा उभा राहत नाही, आकडा सतत नाचला तर गिऱ्हाईक वैतागेल, म्हणून काटा काही क्षणांचे आकडे बघतो, ते स्थिरावले की एक आकडा पक्का करतो आणि तुम्ही उतरेपर्यंत तोच दाखवत बसतो. तुम्ही तळमजल्यावर दार बंद व्हायच्या आधी उभे राहिलात, ६०.० पक्का झाला, आणि मग लिफ्टने काहीही केलं तरी काट्याने ते दाखवलं नाही. काही काटे तर मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवा आकडा त्याच्या आसपास असेल तर जुनाच दाखवतात.

तुमचा काटा असाच आहे का, हे घरातच तपासता येतं. त्याच्यावर उभं राहा, आकडा स्थिर होऊ द्या आणि मग कोणाला तरी २ किलोची पिशवी हातात द्यायला सांगा. आकडा ६२ झाला तर तो काटा लिफ्टमध्ये चालेल. ६० वरच बसून राहिला तर या प्रयोगापुरता तो बाजूला ठेवा.

स्प्रिंगचा काटा असं काही पक्कं करत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या काट्याने खरं दाखवलं. पण त्याची वेगळी अडचण आहे. स्प्रिंग आणि तिच्यावरचा माणूस मिळून झोके घेतात. लिफ्ट सुटली की सुई ६५ ओलांडून ६६-६७ पर्यंत जाते, परत खाली येते, आणि स्थिरावेपर्यंत त्वरण संपलेलं असतं. शिवाय आपण नकळत गुडघे सैल सोडतो, त्यानेही एक-दोन किलोंचा फरक पडतो. सुई सगळ्यात पुढे गेली तो आकडा कधीही टिपू नका, झोक्याच्या मधला आकडा घ्या. खाली वाकून बघू नका, त्याने रेटा बदलतो. मोबाइल कोणाच्या तरी हातात देऊन सुईचा व्हिडिओ घ्या. इतकं करूनही अशा काट्यावरून "साधारण पाच किलोंनी वाढलं, साधारण पाचने घटलं" एवढंच खात्रीने म्हणता येईल.

प्रोजेक्टसाठी मी माणूस बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरायला सांगेन, ५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅम दाखवणारा. यातले बहुतेक काटे आकडा पक्का करत नाहीत, कारण पीठ ओतता ओतता तो बदलताना दिसायला हवा असतो. तरी वरची चाचणी यावरही करून घ्या, पिशवीऐवजी डाळीची वाटी ठेवा. त्यावर २ किलो तांदळाची घट्ट बांधलेली पिशवी ठेवायची. तांदूळ गुडघे वाकवत नाहीत. काटा लिफ्टच्या जमिनीवर, दारापासून आत, सपाट जागी. काट्याखाली रबरी मॅट असेल तर ती दूर करा, नाहीतर काटा डुगडुगतो. काट्यापुढे मोबाइल आडवा टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि त्याच चौकटीत सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा दुसऱ्या फोनचं स्टॉपवॉच येऊ द्या. लिफ्ट सुटायच्या आधीचे पाच सेकंद टिपायला विसरू नका, कारण स्थिर आकडा ठाऊक नसेल तर पुढचं काहीच मोजता येत नाही. तो अगदी २००० नसला, १९९६ असला, तरी चालेल. भागाकार त्यानेच करायचा. काही मिनिटांनी काटा आपोआप बंद होतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी पिशवी उतरवून तो चालू करा आणि शून्य आलं की पिशवी पुन्हा ठेवा.

घरी बसून व्हिडिओ थांबवत थांबवत दर अर्ध्या सेकंदाचा आकडा लिहा. वर गृहीत धरलेल्या लिफ्टमध्ये, आणि काटा मागच्या एका सेकंदाची सरासरी दाखवत असेल तर, निघताना आकडे साधारण असे यायला हवेत: २०००, २०२५, २०९८, २१५४, २१६३, २१५४, २०९८, २०२५, पुन्हा २०००. सर्वांत मोठी वाढ १६३ ग्रॅम. त्यावरून त्वरण काढायचं:

a = g × (वाढ ÷ स्थिर आकडा)

म्हणजे ९.७९ × १६३ ÷ २००० = ०.८० मी/से². थांबताना हेच गणित उणे चिन्हाने येईल आणि आकडा १८३७ च्या आसपास उतरेल.

पण इथेच थांबू नका, कारण या सर्वांत मोठ्या आकड्यावर मी एकट्याने भरवसा ठेवणार नाही. काटा सरासरी काढतो म्हणजे टोक घासतो. त्वरण दीड सेकंद टिकलं तर टोक जवळपास पूर्ण दिसतं. अर्धा सेकंदच टिकलं तर काटा त्याच्या निम्मंच दाखवेल, आणि तुम्ही त्वरण निम्मं लिहाल. यातून सुटायचा एक फार चांगला मार्ग आहे. सरासरीमुळे टोक खाली येतं तशी वाढ जास्त वेळ पसरते, त्यामुळे वेळेप्रमाणे वाढ दाखवणाऱ्या आलेखाखालचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. आणि ते क्षेत्रफळ म्हणजेच लिफ्टने कमावलेला वेग.

वरच्याच आकड्यांवर करून बघू. स्थिर आकड्यापेक्षा वाढी अशा: २५, ९८, १५४, १६३, १५४, ९८, २५. बेरीज ७१७. आकडे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घेतले, म्हणून ०.५ ने गुणलं की सुमारे ३५८ ग्रॅम-सेकंद. याला २००० ने भागून ९.७९ ने गुणलं की १.७५ मीटर प्रति सेकंद. लिफ्टचा वेग मिळाला, तोही तांदळाच्या पिशवीवरून.

हा वेग तुम्हाला दुसऱ्या रस्त्याने तपासता येतो, आणि प्रोजेक्टचं सगळ्यात भक्कम पान तेच होईल. जिन्याच्या एका पायरीची उंची मोजा, दोन मजल्यांमधल्या पायऱ्या मोजा. १५ सेंटिमीटरच्या २० पायऱ्या असतील तर मजला ३ मीटरचा. मग लिफ्टमधला मजल्यांचा दिवा ५ वरून १५ वर जायला किती सेकंद लागतात ते बघा. दहा मजल्यांचे ३० मीटर १७ सेकंदांत कापले तर वेग १.७६. काट्यावरून आलेला वेग आणि जिन्यावरून आलेला वेग पाच-सात टक्क्यांत जुळला तर मोजमाप चांगलं झालं. काट्यावरचा वेग ठळकपणे कमी आला तर बहुधा आकडे फार विरळ घेतले आहेत किंवा काटा मध्येच गोठतोय.

आणखी एक पडताळा याच क्षेत्रफळातून मिळतो. लिफ्ट स्थिर निघाली आणि स्थिर थांबली, म्हणून निघतानाच्या सगळ्या वाढींची बेरीज आणि थांबतानाच्या सगळ्या घटींची बेरीज सारखीच यायला हवी. दोन्हींचा आकार मात्र वेगळा असू शकतो. बऱ्याच लिफ्ट थांबताना त्वरण कमी ठेवून जास्त वेळ घेतात, तेव्हा घट उथळ आणि लांब दिसते. मुलीला वाटेल की निघताना १६३ आणि थांबताना १२० आले म्हणजे प्रयोग चुकला. चुकलेला नाही, बेरीज करून बघा. बेरजाच जुळत नसतील तर मात्र बघा की शेवटी काटा पुन्हा मूळच्या स्थिर आकड्यावर आला का. तांदळाची पिशवी सरकून काट्याच्या कडेला किंवा लिफ्टच्या भिंतीला टेकली तर तो येत नाही.

हे सगळं नव्या, इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हच्या लिफ्टला लागू आहे. गिरगाव-दादरकडच्या जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये चित्र वेगळं दिसतं. त्यातल्या काहींना वेगाच्या दोनच पायऱ्या असतात. मजला जवळ आला की मोटर मोठ्या वेगावरून छोट्या वेगावर येते, लिफ्ट थोडा वेळ रांगते आणि मग ब्रेक झटक्याने लागतो. म्हणून थांबताना एकाऐवजी दोन वेगळ्या घटी दिसतात, आणि शेवटची इतकी अल्पकाळाची असते की काटा ती जेमतेम टिपतो. अंगाला झटका जाणवतो पण आकडा फारसा हलत नाही, त्याचं कारण हेच. शिवाय अशा लिफ्टचा एकूण वेगच कमी असतो, त्यामुळे सगळी क्षेत्रफळं लहान येतात. निवड करता येत असेल तर तुमच्या टॉवरचीच लिफ्ट घ्या.

अशा झटक्यांसाठी फोन जास्त उपयोगी. phyphox हे मोफत अॅप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालं आहे. त्यात Acceleration with g निवडा, फोन स्क्रीन वर करून जमिनीवर सपाट ठेवा आणि z अक्षाचा आलेख बघा. स्थिर फोन तिथे शून्य न दाखवता ९.८ च्या आसपास दाखवतो, आणि मुलं इथे हमखास अडतात. फोनच्या आत नाजूक पट्ट्यांवर टांगलेलं एक सूक्ष्म वस्तुमान असतं, आणि त्या पट्ट्या किती वाकल्या हेच तो मोजतो. म्हणजे तोही एक वजनकाटाच आहे, म्हणून त्याला आधाराचा रेटा दिसतो. आकडा मुंबईच्या ९.७९ ऐवजी ९.७ किंवा ९.९ आला तर घाबरू नका, स्वस्त सेन्सरमध्ये एवढी चूक असते. तुमच्या फोनचा स्थिर आकडा बाकी सगळ्या आकड्यांतून वजा करा, म्हणजे थेट a मिळेल. Acceleration without g हा पर्याय या कामाला टाळा. त्यात गुरुत्वाकर्षण किती हे फोन स्वतः अंदाजाने ठरवून वजा करतो, आणि काही फोनमध्ये लिफ्टचं संथ त्वरणही त्या अंदाजात गिळलं जातं.

मुलीला तोंडी परीक्षेत एक प्रश्न येण्याची दाट शक्यता आहे: वाण्याकडची दोन पारड्यांची तागडी लिफ्टमध्ये नेली तर? एका पारड्यात २ किलोचं वजन, दुसऱ्यात २ किलो तांदूळ असेल तर तागडी संपूर्ण प्रवासात समतोलच राहील. दोन्ही पारड्यांना लागणारा रेटा एकाच प्रमाणात वाढतो आणि घटतो. तागडी वस्तुमानांची तुलना करते, म्हणून त्वरण तिला दिसत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न दोर तुटण्याचा. a = −g घातलं की N शून्य येतो आणि काट्यावर शून्य दिसायला हवं. कागदावर हे बरोबर आहे. खऱ्या लिफ्टमध्ये ती वेळ येऊ नये म्हणून वेग मर्यादेपलीकडे गेला की वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर सुटतो आणि पिंजऱ्याखालचे जबडे मार्गदर्शक रुळांना आवळून धरतात. पडता पिंजरा थांबवायचा म्हणजे त्वरण वरच्या दिशेला, म्हणजे त्या क्षणी काट्यावरचा आकडा ६० च्या बराच वर गेलेला असेल. हे करून बघण्यासाठी लिफ्टमध्ये उड्या मात्र मारू देऊ नका. धक्क्याने सुरक्षा यंत्रणा लागून लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकू शकते.

लिफ्टलाही स्वतःचा वजनकाटा असतो. जास्त माणसं शिरली की बझर वाजवतो तो. तो भार तपासतो लिफ्ट मजल्यावर उभी आणि दार उघडं असताना, चालू प्रवासातला आकडा तो ओव्हरलोडसाठी धरत नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे: ८ माणसांच्या लिफ्टमध्ये ५४४ किलो भरलेले असतील तर वर निघताना त्यालाही ४४ किलो जास्त दिसतील, आणि ते धरून चालला तर नियमात बसणारी लिफ्टही सुटता सुटता बझर वाजवेल.